फोटोतला हत्ती कुठल्या जातीचा? कान, पाठ, सुळे, कपाळ पाहून ओळखायला मदत हवी

मीनल_क

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी हत्तींवर छोटं प्रदर्शन मांडतो आहोत. ओळखीच्यांकडून फोटो मागवले तर भरपूर आले, पण बहुतेक व्हॉट्सॲपवरून तीन-चार हातांतून फिरत आलेले. कुठे काढले ते पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. फोटोखाली नुसतं 'हत्ती' लिहून भागणार नाही, कारण पहिल्याच तक्त्यावर आम्ही हत्तीच्या तीन जाती आहेत असं लिहिलंय: आशियाई, आफ्रिकेतला गवताळ प्रदेशातला आणि आफ्रिकेतलाच जंगलातला. आता या तीन फोटोंवर आमच्यातच वाद आहे.

फोटो १: अगदी समोरून. सुळेवाला नर, डोकं वर उचललेलं, दोन्ही कान बाजूंना पूर्ण पसरलेले. मागे झाडी धूसर.

फोटो २: बाजूने. लालसर मातीने माखलेली हत्तीण, पायांत पिल्लू. सुळे अजिबात नाहीत. मागे दाट, पुरुषभर उंचीची झुडपं.

फोटो ३: तिरका, थोडा मागून. ओल्या, चिखलट मोकळ्या जागेत उभा, मागे गच्च रान. सुळे बारीक आणि सरळ खाली गेलेले. कान गोलसर.

माझा अंदाज: पहिला आफ्रिकन (कान केवढे आहेत बघा), दुसरी आशियाई (सुळे नाहीत), तिसरा कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

जयंत_नागपूर

सोपं आहे की. कान मोठे तो आफ्रिकन, लहान तो आपला. शिवाय आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात, आपल्याकडे फक्त नराला. त्यामुळे १ आफ्रिकन, २ आशियाई, तुमचं बरोबर आहे. ३ म्हणजे वयात न आलेला आफ्रिकन. लहान आहे म्हणून सुळे बारीक.

सुलूमावशी

मग आपल्या गणपतीचे कान बघून तो आफ्रिकेचाच म्हणायचा का रे जयंता? सुपाएवढे असतात! 😀

रानवाट

मीनलताई, १ आणि २ दोन्हींची उत्तरं नेमकी उलटी आहेत. तिसऱ्याचं नंतर सांगतो.

कान आणि सुळे सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. पण फोटोत सगळ्यात जास्त फसवतात तेही तेच. कान हलतो, पसरतो, मिटतो, कॅमेऱ्याकडे वळला की दुप्पट दिसतो. सुळे तुटतात, कापले जातात, मुळात नसतातही. कवटी आणि पाठीचा कणा मात्र आहे तिथेच राहतो. म्हणून मी आधी कपाळ आणि पाठ बघतो, मग कान, आणि सुळे शेवटी.

फोटो १ मोठा करून डोक्याचा माथा बघा. मधोमध खोलगट घळ आणि दोन बाजूंना दोन उंचवटे दिसतील. हे दोन उंचवटे आशियाई हत्तीचेच. आफ्रिकन हत्तीचं कपाळ सलग, एकाच उतारात मागे जाणारं असतं, मधे घळ नसते. आता कान. एवढे पसरूनही कानांची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या बरीच खाली राहिली आहे. आफ्रिकन गवताळ हत्ती असा समोरून कान पसरून उभा राहिला की कान जवळजवळ माथ्यापर्यंत जातात आणि मधलं डोकंच लहान वाटायला लागतं. तिसरी गोष्ट, कानाची वरची कड पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे, दुमडलेली आहे. वय वाढतं तशी आशियाई हत्तीची ही घडी वाढत जाते. आफ्रिकनचा कान वरून दुमडतो तो मागे, मानेकडे. शिवाय कानाच्या कडेला आणि सोंडेच्या बुडाशी गुलाबी ठिपके आहेत, तेही आशियाई हत्तीत वयानुसार दिसतात.

हा आशियाई सुळेवाला. कान मोठे वाटतात कारण तो चिडला आहे आणि तुमच्या फोटोवाल्याला दम देतो आहे. मिटलेले असते तर तुम्हीही आफ्रिकन म्हणाला नसता.

जयंत_नागपूर

ठीक, १ चं एकवेळ मान्य. पण २ ला सुळेच नाहीत. आफ्रिकन मादीला सुळे असतात हे शाळेच्या पुस्तकातलं आहे.

रानवाट

असतात, बहुतेकींना. सगळ्यांना नाही.

फोटो २ मध्ये सुळे विसरून पाठीची रेघ बघा. मानेवरून खांद्यावर चढते, खांद्यानंतर खोलगट उतरते, कमरेपाशी परत वर येते. खोगीर ठेवावं अशी जागा तयार होते. अंगाचा सगळ्यात उंच बिंदू खांदा आहे, डोकं त्याच्याखाली. आशियाई हत्तीण असती तर पाठ मधे फुगीर किंवा सपाट दिसली असती आणि सगळ्यात उंच डोकं राहिलं असतं. पोटाची रेघही बघा, पुढच्या पायांकडून मागच्या पायांकडे तिरकी खाली जाते. आशियाईचं पोट साधारण आडवं असतं किंवा मधे लोंबतं.

कान मिटलेला आहे तरी खांदा झाकून टाकतो आणि खालचं टोक गळ्याच्याही खाली येतं. वरची कड मानेच्या वर निघालेली आहे. कपाळ सलग. ही आफ्रिकन गवताळ प्रदेशातली हत्तीण, बिनसुळ्यांची.

पिल्लावरून काही ठरवू नका. पिल्लाची पाठ कुठल्याही जातीत गोलसरच वाटते, खोगीर नीट दिसायला वाढ व्हावी लागते. कपाळही पिल्लांचं गुबगुबीत असतं. फोटोत मोठं जनावर असेल तर नेहमी मोठ्यावरून ठरवावं.

मागची झुडपं आणि लाल माती बघून मला एका जागेचा संशय आहे, पण आधी तुम्ही फोटो कुणाचा ते शोधा. नंतर सांगतो.

दोडामार्गकर

माका हत्तीची जात नको, आमच्या बागेत येता तो कोण ता सांगा आधी!

आमच्याकडे २००२ पासून कर्नाटकातून उतरतात. आत्ता येतो त्याला सुळे दिसत नाहीत. केळी मोडतो, माडाचा कोंब उपसतो आणि जातो. गावात निम्मे म्हणतात मादी आहे, निम्मे म्हणतात मखना, म्हणजे बिनसुळ्यांचा नर. मोबाइलवर रात्री काढलेला फोटो जोडलाय, बाजूने आहे, बॅटरीच्या उजेडात. धागा हत्तीच्या फोटोचाच आहे म्हणून विचारतो.

सुलूमावशी

काळजी घ्या हो दादा. फोटोपायी जवळ जाऊ नका.

रानवाट

दोडामार्गकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण फोटो कामाचा आहे. जात आशियाईच, त्यात वाद नाही. नर की मादी हे बघताना पाठीचा मागचा भाग बघायचा. मोठ्या हत्तिणीची पाठ मागे बरीच सपाट जाते आणि शेपटीपाशी कोपरा केल्यासारखी एकदम खाली वळते, बाजूने अंग चौकोनी वाटतं. नराचा मागचा भाग गोल उतरत जातो. तुमच्या फोटोत तो गोल उतरतो. सोंडेचं बूड जाड आहे, डोळ्यांच्या मधला भाग भरलेला आहे. मागच्या पायांच्या पुढे पोटाच्या रेघेला एक फुगवटा आहे, तो सावलीचा नसेल तर प्रश्नच मिटला. मी मखना म्हणेन, पण त्या फुगवट्यासाठी दिवसाउजेडीचा फोटो लागेल. तो वनखात्याच्या माणसांकडे असेलच, त्यांना विचारा. तुम्ही जाऊ नका.

उंचीचा अंदाज हवा असेल तर सकाळी तो निघून गेल्यावर ओल्या मातीतलं पुढच्या पायाचं स्पष्ट गोल पाऊल शोधा. मागचं पाऊल लांबट असतं, ते नको. सुतळीने त्याचा परीघ मोजा आणि दुप्पट करा. आशियाई हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण तेवढी येते. घसरलेलं पाऊल घेतलंत तर उंची फुगून येईल.

मीनल_क

शोध लागला! फोटो १ म्हैसूरच्या बाजूचा, नागरहोळेचा. फोटो २ पाठवणाऱ्या काकू म्हणतात, दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत समुद्रकिनाऱ्यावरच्या एका शहरापासून जवळ असलेल्या अभयारण्यात काढलाय. नाव आठवत नाही, 'आडो' का असं काहीतरी.

रानवाट

अ‍ॅडो. तोच संशय होता.

तिथली गोष्ट सांगण्यासारखी आहे, तुमच्या तक्त्यावरही घालता येईल. १९१९-२० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून सरकारने एका शिकाऱ्याला हत्ती संपवायला नेमलं आणि त्याने शंभरावर हत्ती मारले. १९३१ मध्ये अ‍ॅडोचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आत उरले होते ११. त्यात माद्या ८, आणि त्यांतल्या निम्म्या बिनसुळ्यांच्या. पुढची सगळी प्रजा या मूठभर हत्तींपासून वाढली, कित्येक दशकं बाहेरून नवं रक्त आलंच नाही. २००० च्या आसपास तिथल्या जवळपास सगळ्या हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या. म्हणजे अ‍ॅडोच्या हत्तिणीचा फोटो घेऊन 'सुळे नाहीत म्हणून आशियाई' हा नियम लावला तर तो जवळजवळ दर वेळी चुकणार.

मोझांबिकमधल्या गोरोंगोसात कारण वेगळं. १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं. हस्तिदंतासाठी सुळेवाले मारले गेले, बिनसुळ्यांच्या माद्या तुलनेने वाचल्या. युद्धाआधी पाचांत एकीपेक्षा कमी बिनसुळ्यांच्या होत्या, नंतर निम्म्या झाल्या. २०२१ मध्ये त्यामागचं आनुवंशिक कारण प्रसिद्ध झालं. हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो आणि नर गर्भाला तो झेपत नाही, म्हणून बिनसुळ्यांचे आफ्रिकन नर जवळपास दिसतच नाहीत. आपल्याकडचा मखना मात्र धडधाकट जगतो, दोडामार्गकरांची केळी खातो.

यावरून फोटोपुरता एक उपयोग होतो. बिनसुळ्यांचं जनावर दिसलं आणि ते नक्की नर आहे असं कळलं, तर आशियाई असण्याची शक्यता खूप वाढते. मादी असेल तर सुळ्यांवरून काहीच कळत नाही.

जयंत_नागपूर

हे माहीत नव्हतं. पण मग आशियाई मादीला सुळे नसतात हे तरी पक्कं ना?

रानवाट

मोठे, बाहेर डोकावणारे नसतात. काहींना छोटे, ओठाआड राहणारे असतात, तोंड उघडलं किंवा सोंड वर गेली की दिसतात. तेवढं बघून नर ठरवू नये.

कंपालाकर

युगांडातून राम राम. नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं आहे. रानवाट यांनी फोटो ३ बद्दल बोलायचं बाकी ठेवलंय, त्याआधी माझाही एक फोटो जोडतो. किबाले जंगलाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर काढलाय. आमच्या मंडळातल्या एकाने 'हा जंगली जातीचा, गोल कानाचा' असं ठामपणे सांगितलं. मला सुळे पुढे वळलेले दिसतात म्हणून शंका आली.

मीनल_क

याला फोटो ४ म्हणू. आणि फोटो ३ चाही ठाव लागला: माझ्या वर्गमैत्रिणीचे दीर जहाजावर इंजिनिअर आहेत, गॅबॉनला मुक्काम असताना फिरायला गेले होते तेव्हाचा.

रानवाट

देश कळल्यावर ३ सुटलाच, गॅबॉनमध्ये जंगली जातच आहे. पण समजा कळलं नसतं, तर जयंतरावांचं 'लहान आहे म्हणून सुळे बारीक' कसं तपासायचं ते बघू. शंका रास्त आहे, कारण जंगली हत्ती गवताळ हत्तीपेक्षा बराच लहान असतो आणि नुसत्या फोटोत तो अर्धवट वाढलेला वाटतो.

गवताळ जातीच्या तरुण हत्तीचे सुळे आखूड असतात आणि निघतानाच जरा बाहेर-पुढे जातात, मग वर वळायला लागतात. फोटो ३ मधले बारीक आहेत पण लांब आहेत, सोंडेच्या निम्म्याच्या खाली पोचलेत, आणि जवळजवळ सरळ खाली. एवढी लांबी यायला वर्षं लागतात. म्हणजे जनावर मोठं आहे, सुळ्यांची जातच बारीक. गर्द झाडीत वावरणाऱ्या हत्तीला बाहेर पसरलेले, वर वळलेले सुळे अडकतील, असा त्याचा अर्थ लावतात. तो मला पटतो.

मग कान. फोटोत उजवा कान जवळजवळ पूर्ण दिसतो. गवताळ हत्तीचा कान आफ्रिकेच्या नकाशासारखा, खाली निमुळत्या टोकाचा, असं म्हणतात ते बरोबर आहे. बघायचं ते खालचं टोक. इथे टोक नाही, कडा गोल फिरून परत येते आणि गळ्याच्या रेघेच्या खाली उतरत नाही. पाठ थोडी मागून दिसते म्हणून तिच्यावर मी फार भार टाकणार नाही, पण जेवढी दिसते तेवढी सरळ आहे, खोगीर उथळ. कपाळ सलग, म्हणजे आशियाई नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण नुसते सरळ सुळे बघितले तर बोर्निओचा आशियाई हत्तीही डोळ्यांसमोर येईल, त्याचेही सुळे बरेच सरळ असतात. तिथे माथ्यावरचे दोन उंचवटेच निकाल लावतात.

सुलूमावशी

नखं मोजतात ना रे? मी कुठेतरी वाचलंय, पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार वगैरे.

रानवाट

मावशी, बरोबर वाचलंत. आशियाई आणि जंगली आफ्रिकन, दोघांत साधारण पुढे ५ मागे ४. गवताळ आफ्रिकनात पुढे ४ मागे ३. पण प्रत्येक जातीत कमीजास्त नखांचे हत्ती सापडतात, आणि फोटोत पाय गवतात नाहीतर चिखलात असतात. चारही फोटोंत एकही पाय मोजण्यासारखा नाही. वेळ पडली तर जोडपुरावा म्हणून ठीक.

दोडामार्गकर

फुगवट्याचा दिवसाचा फोटो वनरक्षकाने दाखवला. मखनाच आहे. गावातल्या पैजेत मी जिंकलो, नारळ मिळाले, पण ते हत्तीने आधीच पाडलेले होते.

जयंत_नागपूर

😂

एक शंका. प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकन एकत्र ठेवतात, त्यांच्या संकराची पिल्लं असतील ना बरीच? मग फोटोवरून सांगणार कसं?

रानवाट

बरीच नाहीत. नोंद आहे ती एकाच पिल्लाची. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात जुलै १९७८ मध्ये आफ्रिकन नर जंबोलिनो आणि आशियाई मादी शीबा यांना पिल्लू झालं, नाव ठेवलं मॉटी. वेळेआधी जन्मलं होतं, दहा दिवसांत गेलं.

पण या धाग्यासाठी मॉटी फार मोलाचा आहे, कारण कुठलं लक्षण कुणाकडून आलं ते त्याच्यात वेगवेगळं दिसत होतं. कान मोठे, टोकदार, आफ्रिकन वळणाचे. सोंडेच्या टोकाला आशियाईसारखं एकच बोट. नखं आशियाईसारखी पुढे ५ मागे ४. कपाळ उतरतं पण एका घुमटाचं, आणि त्याच्या मागे दोन छोटे उंचवटे. पाठीवर मधला उंचवटा आशियाई आणि कमरेचा आफ्रिकन. म्हणजे एकाच लक्षणावर बोट ठेवून जात सांगणाऱ्याची तिथे फजिती झाली असती. अशा वेळी लक्षणं एकमेकांशी भांडतात, आणि भांडताना दिसली की घाईने निकाल देऊ नये.

त्यावरूनच कंपालाकरांच्या फोटोकडे येतो.

फोटो ४ मध्ये कानाचं खालचं टोक गोल आहे, जंगली जातीसारखं. सुळे जाड आहेत, पुढे वळलेत, ते गवताळ जातीसारखे. पाठीला खोगीर आहे पण उथळ. कपाळ सलग, ते दोन्हींत तसंच, त्याचा उपयोग नाही. आणि जागा किबाले. गवताळ आणि जंगली जातींच्या वस्त्या जिथे एकमेकींना भिडतात त्या पट्ट्यात ती येते, आणि तिथे दोघांची संकरित प्रजा असल्याचं डीएनएवरून दिसलेलं आहे. काँगोमधल्या गरांबातही तसंच.

तेव्हा तुमच्या मंडळातले गृहस्थ गोल कान बघून 'जंगली' म्हणतात तेही पूर्ण चूक नाहीत आणि तुमची शंकाही चूक नाही. फोटोवरून याचा निकाल लागेल असं मला वाटत नाही.

कंपालाकर

म्हणजे शेवटी लिहायचं काय? त्यांना मी 'निकाल नाही' सांगितलं तर ते मला हरलो म्हणतील.

जयंत_नागपूर

माझा प्रश्न मोठा आहे. संकर होतो, पिल्लंही होतात, मग त्या दोन वेगळ्या जाती कशा? आमच्या लहानपणी आफ्रिकन हत्ती एकच होता.

रानवाट

होता, पुस्तकांत. २००१ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दोघांतली दरी खूप जुनी असल्याचं पुढे आलं, कवट्यांत फरक होताच. २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत प्रथमच दोघांचं वेगळं मूल्यमापन झालं. गवताळ जात धोक्यात, आणि जंगली जात त्याहून वरच्या पायरीवर, अतिधोक्यात. एकत्र मोजत होते तोवर जंगली हत्ती किती झपाट्याने कमी होतायत ते आकड्यांत बुडून जात होतं. संकर होतो तो या भिडलेल्या पट्ट्यापुरता. तेवढ्यावरून दोन्ही जाती एक म्हणता येणार नाहीत, असं माझं मत. यावर अजून वाद घालणारे आहेत, तुम्हीही घाला.

जयंत_नागपूर

घालणारच. मला अजून पटलेलं नाही. पण प्रदर्शनाच्या धाग्यावर नको, वेगळा काढतो.

सुलूमावशी

मीनल, अजून एक. फोटोच्या मागे भारत दिसला म्हणजे हत्ती भारतीय असं लिहू नकोस हो. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात शंकर होता ना, झिंबाब्वेकडून राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांना भेट आलेला. आफ्रिकनच. २०२५ मध्ये गेला बिचारा. माझ्या नातीच्या वहीत त्याचा फोटो 'भारतीय हत्ती' म्हणून चिकटवलाय, मी काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही.

मीनल_क

मावशी, लक्षात ठेवते. 🙏

आता मजकूर असा केलाय, बघा कुणाला खटकतं का.

फोटो १: आशियाई हत्ती, नर. माथ्यावरचे दोन उंचवटे आणि पुढे दुमडलेली कानाची कड पाहा.

फोटो २: आफ्रिकन गवताळ हत्ती, मादी आणि पिल्लू, अ‍ॅडो. सुळे नाहीत, तरी आफ्रिकन: पाठीचा खोलगट भाग आणि खांद्यावर आलेला कान पाहा.

फोटो ३: आफ्रिकन जंगली हत्ती, गॅबॉन. सरळ खाली गेलेले सुळे आणि गोल कान पाहा.

फोटो ४: आफ्रिकन हत्ती, किबाले, युगांडा. जंगली की गवताळ की दोघांची प्रजा, फोटोवरून सांगता येत नाही.

आमच्या समितीतले एक सर म्हणतात, चौथा काढून टाका, मुलांना उत्तर नसलेलं काही दाखवू नये. मला तो ठेवायचा आहे.

जयंत_नागपूर

ठेवा. आणि त्याच्याखाली मुलांनाच मत द्यायला लावा.

रानवाट

मतदान नको हो, हात वर करून जात ठरत नाही. पण फोटो ठेवा. ३ आणि ४ शेजारी शेजारी लावा, दोघांचे कान साधारण एका मापाचे होतील असे कापून. मुलं आधी म्हणतील की दोन्ही सारखेच. मग सुळ्यांकडे बघू द्या.

फोटो २ चं वाक्य चांगलं आहे, फक्त 'पाठीचा खोलगट भाग' दाखवायला फोटोवरच एक पातळ रेघ काढा, मानेपासून शेपटीपर्यंत. तशीच रेघ एखाद्या आशियाई हत्तीच्या बाजूच्या फोटोवर काढून शेजारी लावा. पण तो निवडताना डोकं खाली घालून चरणारा घेऊ नका. डोकं खाली गेलं की आशियाई हत्तीचाही खांदा सगळ्यात उंच दिसतो आणि तुमची सगळी तुलना बिघडते. उभा, डोकं वर, बरोबर आडवा. आणि कॅमेरा हत्तीच्या साधारण खांद्याच्या उंचीला असलेला. जीपच्या टपावरून खाली रोखून काढलेल्या फोटोत पाठ सपाटच येते.

कंपालाकर

पुढच्या महिन्यात पुन्हा तिकडे जाणं आहे. निकाल लागण्यासाठी काय काढून आणू ते सांगा.

रानवाट

त्याच हत्तीचा सोंड न हलवता पूर्ण बाजूने एक, समोरून कान पसरलेला एक, आणि पाय कोरड्या जमिनीवर असताना पुढच्या-मागच्या पावलांचा जवळून एक. लांब भिंगाने, गाडीतूनच. कळपातल्या इतरांचेही काढा, एकट्यापेक्षा कळपात एकाच बाजूला कल दिसतो का ते बघता येईल. पण हे तिन्ही फोटो मिळूनही निकाल लागेलच असं नाही. किबालेत काम करणारे लोक त्यासाठी शेण गोळा करून डीएनए काढतात, ते तुमच्या मंडळाकडून होणार नाही.

कंपालाकर

मंडळात आधीच गणपतीची वर्गणी गोळा होत नाही, शेण कोण करणार. फोटो आणतो.